नुसतं ‘पाऊस’ लिहून भागत नाही

प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेची कोणतीही सराववही घ्या, मध्यावर कुठेतरी एक आडवा तक्ता येतोच. डावीकडून क्रमांक, जोखमीचं वर्णन, शक्यता, परिणाम, गुण, उपाय, जबाबदार व्यक्ती आणि सद्यःस्थिती असे रकाने असतात. हे रिस्क रजिस्टर, म्हणजे जोखमींची नोंदवही. कामात पुढे काय काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर कोणी काय करायचं, हे काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवायचं आणि काम संपेपर्यंत सांभाळायचं. दिसायला हे सगळ्यात सोपं प्रकरण. रकाने आखलेलेच आहेत, भरले की झालं, असं वाटतं.

संध्याकाळच्या वर्गात मी ज्यांना हे शिकवते ते बहुतेक चाळिशी ओलांडलेले, दिवसभर काम करून आलेले लोक असतात. कोणाला बढतीसाठी प्रमाणपत्र हवं असतं, कोणाच्या कंपनीला निविदा भरताना प्रमाणित माणूस दाखवायचा असतो. परीक्षा वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमपी आणि सीएपीएम, तर ब्रिटनमधून आलेली प्रिन्स टू. पण जोखमींची नोंदवही सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच. आणि अडखळण्याची जागाही तीच असते. ती जागा गुणाकाराच्या रकान्यात नाही, वर्णनाच्या रकान्यात आहे.

सांगली भागात एका बांधकाम ठेकेदाराकडे सुपरवायझर असलेल्या एका विद्यार्थ्याचंच उदाहरण घेते. वर्गात सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्या सराववहीतला नमुना प्रकल्प होता एका परदेशी कंपनीचा सर्व्हर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवण्याचा. दादांना सर्व्हर म्हणजे काय ते ऐकून माहीत, पण हलवताना तो कशाने बिघडतो याची कल्पना नव्हती. त्यामुळे त्यांनी वहीतलं आदर्श उत्तर पाठ करायला घेतलं होतं. मी म्हटलं, “दादा, सर्व्हर राहू दे. तुम्ही केलेलं एखादं काम सांगा.” त्यांनी एका शाळेच्या हॉलचं छप्पर सांगितलं. सहा खणांचा जुना हॉल, लाकडी कैच्या, वर सिमेंटचे पत्रे. पत्रे उतरवायचे, गरज पडेल तिथे लाकूड बदलायचं, नवे रंगीत प्रोफाइल पत्रे चढवायचे. सुट्टी लागल्यावर मे महिन्यात सुरुवात आणि १५ जूनला शाळा उघडायच्या आत हॉल मोकळा करून द्यायचा. खर्च सरावापुरता १८ लाख धरला. पुढचे आकडेही सरावासाठीच बांधलेले आहेत, पण काम खरं होतं.

नोंदवहीच्या पहिल्या रकान्यात त्यांनी चार शब्द लिहिले: पाऊस, मजूर, पैसे, पत्रे.

साइटवर हे पुरतं. ‘पाऊस’ म्हटलं की शेजारी उभ्या असलेल्या गवंड्याला सगळं कळतं. पण नोंदवही वाचणारा माणूस साइटवर नसतो, आणि चार महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही नेमकं काय म्हणायचं होतं ते आठवत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की नुसत्या ‘पाऊस’ या शब्दावर उपाय सुचत नाही. पावसाचं काय करणार? म्हणून या शास्त्रातले जाणकार जोखीम एका पूर्ण वाक्यात लिहायला लावतात. त्या वाक्याचे तीन तुकडे असतात: कारण, घटना आणि परिणाम. कारण म्हणजे आज खरी असलेली गोष्ट. घटना म्हणजे जी घडेल किंवा घडणारही नाही अशी गोष्ट. परिणाम म्हणजे ती घडलीच तर आपल्या उद्दिष्टाचं, म्हणजे वेळेचं, पैशाचं, दर्जाचं किंवा माणसांचं काय होईल ते.

दादांचा पाऊस मग असा झाला: ‘सगळे पत्रे एकदम उतरवायचे असल्यामुळे हॉल आठ-दहा दिवस उघडा राहणार आहे. त्या दिवसांत वळीव कोसळू शकतो. कोसळला तर लाकडी स्टेज, वायरिंग आणि भिंतीकडेची कपाटं भिजतील आणि दुरुस्तीत आठ-दहा दिवस जातील.’

वाक्य तपासायला एक साधी युक्ती आहे. पहिल्या तुकड्यात ‘आहे’ हवं, दुसऱ्यात ‘शकतं’, तिसऱ्यात ‘तर होईल’. दुसऱ्या तुकड्यातही ‘आहे’ आलं, तर ती जोखीम नव्हे. दादांचा ‘पैसे’ हा शब्द याच चाळणीत अडकला. “पैसे कमी आहेत, मॅडम, ही जोखीम नाही का?” पैसे कमी असणं ही वस्तुस्थिती आहे, त्यात ‘कदाचित’ काही नाही. त्यातून जोखीम निघू शकते. उदाहरणार्थ, निधी दोन हप्त्यांत मिळणार आहे, दुसरा हप्ता वेळेवर न येण्याची शक्यता आहे, तसं झालं तर पत्र्यांच्या कारखान्याला उरलेली रक्कम देता येणार नाही. तसंच ‘काम लांबेल’ असं कोणी लिहिलं तर तो नुसता परिणाम झाला. कशामुळे लांबेल, हे कळल्याशिवाय त्यावर करण्यासारखं काही नाही. परीक्षेत चार पर्याय देऊन ‘यातली जोखीम कोणती’ असं विचारतात, तेव्हा तीन पर्याय बहुतेक वेळा कारण, परिणाम किंवा आधीच घडलेली गोष्ट असतात.

आधीच घडलेल्या गोष्टीला वेगळी वही आहे, तिला इश्यू लॉग म्हणतात. दादांच्या हॉलमध्ये हा फरक फार नीट दिसतो. जुन्या कैच्यांना वाळवी लागली असेल का? पत्रे उतरवून लाकूड उघडं पडेपर्यंत माहीत नाही, म्हणून ती जोखीम. उघडल्यावर पोखरलेलं लाकूड दिसलं की त्याच क्षणी ती समस्या होते. तिला आता शक्यता नसते, फक्त काम असतं.

वाक्य असं लिहिलं की त्याचा लगेच एक उपयोग होतो. उपाय शोधायची जागा सापडते. दादांनी स्वतःचंच वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, “पण सगळे पत्रे एकदम उतरवायचे कशाला?” नोंदवहीत अजून एकही आकडा भरलेला नव्हता, आणि सगळ्यात चांगला उपाय पुढ्यात आला होता. वळीव थांबवता येत नाही, पण कारणाच्या तुकड्याला हात घालता येतो. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

पुढचे दोन रकाने शक्यता आणि परिणाम यांचे. सराववहीत दोन्हींना १ ते ५ गुण द्यायचे असतात. इथे वह्या एक गोष्ट घाईत उरकतात: १ म्हणजे किती आणि ५ म्हणजे किती, हे आधी ठरवून लिहून ठेवायला हवं. नाहीतर ‘मध्यम शक्यता’ म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळाच आकडा असतो. याची एक जुनी आणि बोलकी नोंद आहे. १९५१ साली अमेरिकी गुप्तचर खात्याच्या एका अहवालात, सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं होतं. त्या कामात असलेल्या शर्मन केंट यांनी नंतर अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं, तुमच्या मनात नेमकं प्रमाण किती होतं? उत्तरं शंभरात २० पासून शंभरात ८० पर्यंत पसरलेली निघाली. एकाच वाक्याला सगळ्यांनी मान्यता दिली होती आणि प्रत्येकाने त्याचा अर्थ वेगळा धरला होता. केंट यांनी १९६४ मध्ये यावर लेख लिहिला.

म्हणून आम्ही आधी मोजपट्टी आखली. शक्यता १ म्हणजे १० टक्क्यांहून कमी, २ म्हणजे ३० पर्यंत, ३ म्हणजे ५० पर्यंत, ४ म्हणजे ७० पर्यंत आणि ५ म्हणजे त्याहून जास्त. परिणाम दिवसांत मोजला: १ म्हणजे एखादा दिवस, २ म्हणजे दोन-तीन दिवस, ३ म्हणजे आठवडाभर, ४ म्हणजे दोन आठवड्यांपर्यंत. ५ म्हणजे त्याहून जास्त, किंवा कोणाच्या जिवाला धोका. त्या आठ-दहा दिवसांत वळीव कोसळण्याची शक्यता दादांनी अनुभवाने ४० टक्के धरली. म्हणजे शक्यता ३, परिणाम ४, गुणाकार १२.

आणखी दोन ओळी त्यांनी पटापट भरल्या. एक अशी: कामाच्या दिवसांतच गावची यात्रा आहे, त्या दिवशी मजूर येणार नाहीत, एक दिवस जाईल. शक्यता ५, परिणाम १, गुण ५. दुसरी त्यांनी जरा थांबून लिहिली. सिमेंटचे जुने पत्रे ठिसूळ झालेले असतात, त्यांच्या मधोमध पाय पडला तर पत्रा फुटून माणूस थेट खाली येऊ शकतो. त्यांची माणसं सराईत, बोल्टच्या ओळीवरूनच चालणारी, म्हणून शक्यता १ धरली. परिणाम ५. गुण ५.

दोन्ही ओळी शेजारी शेजारी, दोन्हींपुढे ५, आणि सराववहीच्या रंगीत चौकटीत दोन्ही हिरव्या. दादा बघतच राहिले. “यात्रेची सुट्टी आणि माणूस पडणं, दोन्ही पाच?”

त्यांची शंका वहीतल्या उत्तरापेक्षा जास्त बरोबर होती. हे १ ते ५ म्हणजे पायऱ्यांना दिलेले क्रमांक आहेत, वजनं नाहीत. चौथी पायरी दुसरीच्या दुप्पट वाईट असते असं कुठेही ठरलेलं नाही. क्रमांकांचा गुणाकार केला की उत्तर येतं, पण त्याला मापाचा भरवसा नसतो. लुईस अँथनी कॉक्स या अभ्यासकाने २००८ मध्ये ‘रिस्क अ‍ॅनॅलिसिस’ या नियतकालिकात याच चौकटीची चिकित्सा केली. अशा तक्त्यात लहान जोखमीला मोठ्या जोखमीपेक्षा वरचा क्रमांक मिळू शकतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. विशेषतः जिथे क्वचित घडणाऱ्या गोष्टी भयंकर आणि नेहमी घडणाऱ्या किरकोळ असतात, तिथे ही चौकट फसवते. बांधकामाची साइट नेमकी तशीच असते.

मग परीक्षेत काय लिहायचं? गुणाकारच लिहायचा, कारण प्रश्न तोच असतो. पण तो कशासाठी आहे हे लक्षात ठेवायचं. पन्नास जोखमींतून आधी कुठल्या दहांकडे बघायचं, याची ती पहिली चाळणी आहे. जिवाची गोष्ट त्या चाळणीवर सोडायची नसते. पत्र्यांवर फळ्या टाकणं, दोर आणि सेफ्टी बेल्ट, खाली जाळी, हे गुण कितीही आले तरी करायचंच. त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात जातो. कित्येक संस्था म्हणूनच सुरक्षेच्या जोखमींसाठी वेगळी नोंद ठेवतात, किंवा परिणाम ५ असलेली प्रत्येक ओळ शक्यता न बघता लाल करतात.

चाळणीतून वर आलेल्या ओळींना मग रुपयांत मोजतात. शक्यता गुणिले नुकसान, एवढंच सूत्र. परीक्षेत त्याला एक्स्पेक्टेड मॉनेटरी व्हॅल्यू म्हणतात. वळीव: ४० टक्के, झालं तर नुकसान दीड लाख, म्हणून ६० हजार. लाकूड वाळवीने गेलेलं निघणं: ३० टक्के, नुकसान तीन लाख, म्हणून ९० हजार. रंगीत पत्रे कारखान्यात मापाप्रमाणे कापून येतात, ती ऑर्डर उशिरा येणं: २० टक्के, नुकसान दोन लाख, म्हणून ४० हजार.

चौथी ओळ मी घालायला लावली तेव्हा दादांना ती चुकीच्या वहीत आल्यासारखी वाटली. तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेचेही पत्रे त्याच कारखान्यातून येणार आहेत, दोन्ही ऑर्डरी एकत्र दिल्या तर भाडं आणि दर मिळून ४० हजार वाचू शकतात, आणि तसं जमण्याची शक्यता निम्मी आहे. या अभ्यासक्रमांत अनिश्चित पण फायद्याची घटनाही याच नोंदवहीत येते, तिला संधी म्हणतात. फायदा असल्यामुळे तिचे २० हजार वजा होतात. एकूण बेरीज १ लाख ७० हजार. एवढी रक्कम आकस्मिक राखीव म्हणून ठेवायची, असं वही सांगते.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पाठ करणारे इथेच घसरतात. वळवामुळे ६० हजारांचं नुकसान कधीच होणार नाही. झालं तर दीड लाखाचं, नाहीतर शून्य. ६० हजार ही सरासरी आहे, आणि सरासरी अनेक जोखमींच्या बेरजेत कामाला येते, एकेकटीला नाही. तिन्ही धोके एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर तिन्ही टळण्याची शक्यता ६० टक्क्यांचे ७० टक्के आणि त्याचे ८० टक्के, म्हणजे जवळजवळ ३४ टक्के. तसं झालं तर राखीव रकमेला हातही लागणार नाही. तिन्ही एकदम येण्याची शक्यता अडीच टक्क्यांहूनही कमी, पण आले तर साडेसहा लाखांची भर. मुख्य म्हणजे एकटी वाळवी निघाली तरी तीन लाख लागतात, आणि राखीव आहेत १ लाख ७० हजार. धोके मोजकेच आणि मोठे असले की ही बेरीज तोकडी पडते. वहीतलं सूत्र चुकीचं नाही, ते कुठे अपुरं आहे हे वहीत लिहिलेलं नसतं. असा एखादा मोठा धोका असेल तर त्याच्यासाठी राखीव वाढवण्यापेक्षा त्याच्याबद्दलची अनिश्चितताच आधी कमी करता येते का, ते बघावं.

याच्या जोडीला परीक्षेत आणखी एक रक्कम येते, मॅनेजमेंट रिझर्व्ह. दोन्हींत गोंधळ होतो. नोंदवहीत लिहिलेल्या जोखमींसाठी ठेवलेली ती आकस्मिक राखीव. ती खर्चाच्या मंजूर आराखड्यातच असते आणि सहसा प्रकल्प प्रमुखाच्या हाती असते. ज्या गोष्टी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हत्या, त्यांच्यासाठी वरिष्ठांनी बाजूला ठेवलेली ती दुसरी, आणि तिला हात लावायला वरून परवानगी लागते.

आता उपायांचा रकाना. धोक्याला तोंड देण्याचे मार्ग वहीत ठरावीक असतात: टाळणं, दुसऱ्यावर सोपवणं, कमी करणं, स्वीकारणं. पीएमआयच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत त्यात पाचवा आला, वरिष्ठांकडे पाठवणं. जोखीम प्रकल्प प्रमुखाच्या अधिकाराबाहेरची असेल तर हा मार्ग. जुनी वही हाती आलेल्यांनी एवढा बदल पेनने लिहून घ्यावा.

नावं पाठ करून फारसं हाती लागत नाही. एकाच धोक्यावर सगळे मार्ग लावून पाहिले की फरक कळतो. वळीव टाळायचा तर काम फेब्रुवारीत करावं लागेल, तेव्हा शाळा भरलेली असते. विमा उतरवला किंवा भिजलं तर भरपाई ठेकेदाराची असं करारात लिहिलं, तर पैशाचा भार दुसऱ्यावर गेला, पण स्टेज भिजायचं ते भिजणारच आणि १५ जून कोणासाठी थांबणार नाही. स्वीकारायचं म्हणजे ताडपत्री आणून ठेवायची, राखीव रक्कम ठेवायची आणि आभाळाकडे बघत काम करायचं. आणि कमी करायचं म्हणजे दादांना आधीच सुचलेलं: एका वेळी दोनच खणांचे पत्रे उतरवायचे, ते झाकून झाल्याशिवाय पुढच्या दोनांना हात लावायचा नाही, आणि उघडा भाग रोज संध्याकाळी ताडपत्रीने बंद करायचा.

याचा हिशेब वहीत असाच मांडता येतो. ताडपत्र्या, परातीचे जादा दिवस आणि मजुरी मिळून २५ हजार जास्त लागतील. त्यामुळे पाऊस कमी पडणार नाही, शक्यता ४० टक्केच राहिली. पण नुकसान दीड लाखावरून ३० हजारांवर आलं. ४० टक्के गुणिले ३० हजार म्हणजे १२ हजार. म्हणजे ६० हजारांची ओळ १२ हजारांची झाली, ४८ हजार उतरले आणि त्यासाठी २५ हजार मोजले. सौदा परवडला. हे २५ हजार आता ठरलेला खर्च म्हणून मूळ अंदाजात जातात आणि राखीव रक्कम १ लाख २२ हजारांवर येते. उपायानंतरही उरलेले १२ हजार म्हणजे उर्वरित जोखीम.

उपायातून एक नवी जोखीमही जन्माला येते, तिला दुय्यम जोखीम म्हणतात. टप्प्याटप्प्याने काम केल्यामुळे तीन दिवस वाढले, म्हणजे शेवटचे खण जूनच्या पहिल्या आठवड्याकडे सरकले आणि पत्रे उशिरा आले तर हाताशी असलेली मोकळीक कमी झाली. दुय्यम जोखीम ही स्वतंत्र ओळ असते. उपायाच्या रकान्यात ती कंसात लिहून टाकली की तिच्याकडे कोणी बघत नाही.

दोन रकाने उरतात, आणि साइटवर तेच खरे उपयोगी पडतात. एक आहे इशाऱ्याचा, म्हणजे ट्रिगरचा. जोखीम प्रत्यक्षात यायला लागली हे कशावरून ओळखायचं? ‘पत्र्यांना उशीर’ या ओळीपुढे दादांनी आधी ‘पत्रे वेळेवर आले नाहीत तर’ असं लिहिलं. तो इशारा नाही, ती घटना घडून गेली. इशारा असा हवा की तो दिसल्यावरही हातात काही करायला वेळ उरेल. मग ओळ अशी झाली: २ मेपर्यंत कारखान्याकडून कापणीला घेतल्याचा निरोप आला नाही, किंवा ८ मेपर्यंत मालाचं ई-वे बिल निघालं नाही, तर सांगलीतल्या दुसऱ्या विक्रेत्याकडे तयार मापाच्या पत्र्यांची चौकशी सुरू करायची. वळवाचा इशारा त्यांनी न अडखळता लिहिला: दुपारी दोनपर्यंत आभाळ भरून आलं किंवा हवामान खात्याने वादळी पावसाचा इशारा दिला, तर नवा पत्रा उचलायचा नाही, आधी ताडपत्री बांधायची. वळीव सहसा दुपार कलल्यावर येतो हे त्यांना कुठल्या वहीतून शिकायचं नव्हतं.

दुसरा रकाना जबाबदार व्यक्तीचा. इथे ‘ठेकेदार’, ‘टीम’, ‘सर्व संबंधित’ असं लिहिलेलं मला सर्रास दिसतं. तिथे एका माणसाचं नाव हवं. जोखमीवर लक्ष ठेवणारा आणि उपाय प्रत्यक्षात करणारा, हे दोघं वेगळे असू शकतात. प्रिन्स टूमध्ये तर त्यांना वेगळी नावं आहेत. दादांच्या उदाहरणात ताडपत्र्या शाळेच्या खोलीत कुलपात ठेवायच्या होत्या आणि किल्ली शिपाईमामांकडे. पाऊस पाच वाजता आला आणि मामा साडेचारला घरी गेले, तर २५ हजारांचा उपाय कुलपात. म्हणून वळवाच्या ओळीत लक्ष ठेवायला दादा स्वतः, ताडपत्री बांधायला एक ठरावीक मिस्त्री, आणि किल्ली त्या मिस्त्रीकडे, असं लिहिलं. सराववहीच्या आदर्श उत्तरात किल्लीचा उल्लेख नसतो, पण परीक्षेबाहेर नोंदवही चालते की नुसती फायलीत राहते, हे अशाच ओळींवरून कळतं.

राहिली वाळवी. तिच्यावर वहीतले सगळे मार्ग लावून झाल्यावर दादा म्हणाले, “निविदा भरायच्या आधीच आपण दोन-तीन पत्रे सरकवून लाकूड बघितलं तर?” कैचीच्या टोकाशी, जिथे लाकूड भिंतीत जातं तिथे, हातोडीने ठोकायचं आणि स्क्रूड्रायव्हर खुपसून बघायचा. पोकळ वाजलं किंवा टोक सहज आत गेलं की समजायचं. शिडी, दोन माणसं, अर्धा दिवस, फार तर पाच हजार रुपये. हाही धोका कमी करण्याचाच एक प्रकार, फक्त इथे पैसे देऊन माहिती विकत घेतली जाते. ९० हजारांच्या ओळीपुढे पाच हजार काहीच नाहीत, आणि राखीव तोकडी पडण्याचा जो प्रश्न वर आला होता, त्यालाही हेच उत्तर आहे.

आम्ही सरावात असं धरलं की तपासणीत दोन खणांतलं लाकूड खराब निघालं. नोंदवहीत मग काय करायचं? ही ओळ पुसायची नाही. सद्यःस्थितीच्या रकान्यात ‘घडली, बंद’ असं लिहून तारीख टाकायची, समस्यांच्या वहीत नवी नोंद करायची आणि दोन खणांच्या लाकडाचा खर्च, समजा एक लाख, मूळ अंदाजात घालायचा. निविदा अजून भरलेली नसल्यामुळे तो तिथेच घालता येतो. काम मंजूर झाल्यावर हे निघालं असतं, तर खर्च आकस्मिक राखीव रकमेतून करावा लागला असता आणि तेवढ्याने भागलं नसतं तर बदलाची रीतसर मागणी. परीक्षेतल्या प्रश्नांत हा क्रम हमखास विचारतात. नोंदवहीत असलेली जोखीम घडली, तर पहिल्यांदा आधी ठरवलेला उपाय अमलात आणायचा. नोंदवहीत नसलेलं काही नवं लक्षात आलं, तर आधी ते लिहून त्याची शक्यता आणि परिणाम तपासायचा. ‘तातडीने साहेबांना कळवणे’ हा पर्याय दोन्ही ठिकाणी यादीत असतो आणि दोन्ही ठिकाणी सहसा चुकीचा असतो. नोकरीची वीस वर्षं साहेबांना आधी कळवण्यात गेलेल्यांना तोच बरोबर वाटतो, यात नवल नाही.

पत्रे वेळेवर साइटवर उतरले की तीही ओळ बंद होते. तिच्यासाठी धरलेले ४० हजार मोकळे होतात. दादांचा यावरचा प्रश्न फार व्यवहारी होता: “मग ते पैसे कोणाचे?” याचं उत्तर प्रत्येक संस्थेच्या नियमांत वेगळं असतं. काही ठिकाणी ते उरलेल्या जोखमींसाठी राखीवमध्येच राहतात, काही ठिकाणी लगेच वर परत करावे लागतात. एवढं मात्र पक्कं, की ते ‘वाचले’ म्हणून हॉलला आणखी चार पंखे लावता येत नाहीत. पंखे हवे असतील तर त्यासाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते.